पाकिटाआधीची मिरची दाखवा : स्वयंपाकघरातला पाऊण मिनिटाचा व्हिडिओ



पिंपरी-चिंचवड महापालिका पवनाथडी जत्रा भरवते तेव्हा आपल्या गटांचा माल कसा विकला जातो, हे आपण जाणतो. गिऱ्हाईक स्टॉलवर येतं, चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन चाटतं, आपल्या तोंडाकडे बघतं आणि दोन प्रश्न विचारतं. "रंग नाही ना घातलेला?" आणि "कुठं बनवता?" आपण उत्तर देतो. पटलं की पिशवीत पाकीट जातं.

जत्रा उठली की अडचण सुरू होते. तेच गिऱ्हाईक मोशीला किंवा पिंपळे सौदागरला आपल्या फ्लॅटमध्ये असतं आणि आपण चाकणच्या पलीकडच्या गावात. त्याला आता चव घेता येत नाही, आपला चेहराही दिसत नाही. त्याच्या मोबाईलवर आपण पाकिटाचा फोटो आणि किंमत टाकतो. तसलाच फोटो दुकानदाराचा असतो, तसलाच कंपनीचा. मग ते किंमत बघतं आणि स्वस्त असेल ते घेतं.

स्टॉलवरचे ते दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोबाईलवर कशी न्यायची, तो आजचा पाठ आहे. त्यासाठी मसाला करतानाचा छोटा व्हिडिओ लागतो. तो जाहिरातीसारखा करायचा नाही. काम चालू असताना कामच दाखवायचं आणि विक्रीची गोष्ट शेवटी हळूच यायची.

सारोळा कासारच्या आजी

आपल्या भाषेतलं याचं चांगलं उदाहरण म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आजी. नातू यश पाठक याच्या मदतीनं २०२० मध्ये त्यांनी 'आपली आजी' नावाचं यूट्यूब चॅनल सुरू केलं. आजींनी शाळेत कॅमेऱ्याचं शिक्षण घेतलं नव्हतं. घरात जसं करतात तसं त्या रांधत गेल्या आणि नातू चित्रण करत गेला. भाजी बघणाऱ्यांनी मग आजींच्या घरच्या मसाल्याची चौकशी सुरू केली आणि पुढं मसाल्याची विक्री उभी राहिली.

यातला क्रम बघा. आधी हात दिसले, पातेलं दिसलं, मसाला किती आणि कधी पडतो ते दिसलं. मसाला घ्या असं सांगण्याआधी मागणी आली होती. ज्या बाईला आपण रांधताना पाहिलं, तिच्या हातचा मसाला घ्यायला माणसाला भीती वाटत नाही. आपल्याला आजींएवढी लाखो माणसं नकोत. मोशी, चिखली, वाकडमधली पन्नास-शंभर घरं वर्षभर मसाला घेत राहिली तरी एका गटाला पुष्कळ झालं. पण क्रम तोच ठेवायचा.

एका व्हिडिओत एकच शंका

समजून घ्यायला एक गट डोळ्यांसमोर ठेवू. खेड तालुक्यातल्या गावातला, दहा-बारा जणींचा, कांदा-लसूण मसाला करणारा. पहिल्यांदा व्हिडिओ करायचा म्हटलं की सगळ्यांना सगळंच दाखवावंसं वाटतं. गटाची स्थापना, अध्यक्षांचं मनोगत, मिरची, कांदा, खोबरं, पॅकिंग, बँकेचं कर्ज, मिळालेलं प्रमाणपत्र. असा व्हिडिओ सात-आठ मिनिटांचा होतो आणि गटातल्या बायका सोडल्या तर तो कोणी शेवटपर्यंत बघत नाही.

म्हणून मोबाईल हातात घेण्याआधी वही घ्या. मागच्या जत्रेत किंवा फोनवर गिऱ्हाइकांनी काय काय विचारलं ते आठवून लिहा. बहुतेक वेळा चार-पाचच शंका निघतील. मिरची कसली वापरता, रंग घालता का, किती जुना आहे, डंकावर दुसऱ्याचा मसाला मिसळत नाही ना, हात-भांडी स्वच्छ असतात ना. यातली सगळ्यात जास्त वेळा आलेली एक शंका निवडा. पहिला व्हिडिओ फक्त तिचं उत्तर देईल. दुसऱ्या शंकेला दुसरा व्हिडिओ.

आपल्या उदाहरणातल्या गटानं शंका निवडली आहे ती अशी : मसाला एवढा लाल कसा, रंग घालता का?

नाही म्हणण्यापेक्षा कारण दाखवा

"आम्ही रंग घालत नाही" असं कोणीही म्हणू शकतं. रंग घालणाराही तेच म्हणतो. त्यामुळं हे वाक्य ऐकून गिऱ्हाइकाचा विश्वास वाढत नाही. मसाला लाल का झाला याचं कारण मात्र दाखवता येतं.

कारण आहे मिरचीत. बेडगी मिरची गडद लाल, लांब आणि सुरकुतलेली असते. तिचा रंग भरपूर आणि तिखटपणा कमी. संकेश्वरी मिरची तिखटाला जबर. दोन्हींचं मिश्रण केलं की रंगही येतो आणि ठसकाही येतो. आपल्याला हे रोजचं आहे, पण शहरात वाढलेल्या मुलीला ते माहीत नसतं. तिनं मिरची पाहिलेली असते ती पुडीतली पावडर म्हणून. तिच्यासमोर दोन ढीग शेजारी ठेवले आणि कोणती कशासाठी ते एका वाक्यात सांगितलं, की तिच्या शंकेचं उत्तर तिचं तिलाच मिळतं. शिवाय पुढच्या वेळी शेजारणीला ती हेच समजावून सांगते.

इथं एक सावधगिरी. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये पाण्याच्या ग्लासात तिखट टाकून "बघा, रंग उतरला नाही" असं दाखवतात. आपल्या व्हिडिओत हे शुद्धतेचं प्रमाणपत्र म्हणून दाखवू नका. या परीक्षेत पाण्यात विरघळणारा रंग कळतो. सुदान नावाचा बंदी असलेला लाल रंग तेलात विरघळतो, तो या ग्लासात सापडत नाही. तेलात टाकून बघावं, तर चांगल्या मिरचीचा मूळ रंगही तेलात उतरतो. कांदा-लसूण मसाल्यात तर तेल, खोबरं, कांदा सगळंच असतं. म्हणजे ग्लासातला देखावा काहीच पक्कं सिद्ध करत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक असलं तर उलट त्याला वाटतं, हे आपल्याला भुलवतायत. रंगाची खात्री हवीच असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. व्हिडिओत आपण आपलं काम दाखवावं, तेवढं पुरे.

काय टाकून दिलं ते दाखवा

सगळे व्हिडिओ चांगला माल दाखवतात. लालभडक मिरची, पिवळंधम्मक तेल, चकचकीत पातेलं. पण मिरची निवडताना जे बाजूला काढतो, ते कोणी दाखवत नाही. माझ्या मते आपला सगळ्यात मोठा पुरावा तिथंच आहे.

मिरचीचे देठ खुडायला वेळ जातो. त्यात पांढरट पडलेली, काळे डाग आलेली, बुरशीचा वास येणारी मिरची निघते. ओलसर जागी राहिलेल्या मिरचीवर बुरशी येते, आणि काही बुरश्यांचं विष भाजून-कांडूनही जात नाही. म्हणून ती काढावीच लागते. देठासकट कांडलं तर वजन भरतं आणि मजुरी वाचते. ज्याला स्वस्तात विकायचं आहे, तो हे काम टाळतो. ज्यानं केलं आहे त्याच्याकडे देठांचा ढीग उरतो. तो ढीगच काट्यावर ठेवा.

समजा दहा किलो मिरची निवडली. देठ आणि टाकाऊ मिरची मिळून काट्यावर किलोभर भरलं. तो आकडा कॅमेऱ्यात दिसला की दोन गोष्टी न सांगता पोचतात. एक, या बायकांनी खरंच निवडलं आहे. दोन, यांचा मसाला दुकानातल्या सुट्या तिखटापेक्षा महाग का. भावाचं समर्थन करायला वेगळं वाक्य लागत नाही. विक्रीचं काम व्हिडिओ असंच हळूच करतो. मात्र आकडा त्या दिवशी काट्यावर जो आला तोच दाखवायचा. कमी आला तर कमी. पुढच्या वर्षी मिरची चांगली असेल आणि टाकाऊ कमी निघेल, तेव्हा तेही दाखवता येईल.

सहा तुकडे, पंचेचाळीस सेकंद

आता प्रत्यक्ष व्हिडिओ. मोबाईल उभा धरायचा. हाताने धरला तर हलतो, म्हणून डब्यांच्या थप्पीला टेकवून ठेवा. काच आधी ओढणीच्या सुती टोकानं पुसून घ्या. स्वयंपाकघरातल्या मोबाईलच्या काचेवर तेलाचा थर असतोच, त्यामुळं चित्र धुरकट येतं. उजेड खिडकीचा किंवा अंगणातल्या सावलीतला घ्या.

पहिला तुकडा, चार सेकंद. फक्त हात. एक वाळलेली मिरची मोडायची. कट् असा आवाज आला पाहिजे. वर बोलणं एवढंच : "मोडली पाहिजे. वाकली तर ओली आहे."

दुसरा, बारा सेकंद. तीन-चार जणी देठ खुडतायत, डागाळलेली मिरची वेगळ्या टोपलीत पडतेय. "देठ काढतोय. पांढरी पडलेली बाजूला."

तिसरा, सात सेकंद. देठ आणि टाकाऊ मिरची काट्यावर. "दहा किलोत एवढं निघालं. हे कांडत नाही."

चौथा, आठ सेकंद. दोन ढीग. "ही बेडगी, रंगाला. ही संकेश्वरी, तिखटाला."

पाचवा, आठ सेकंद. डंकावर मिरची, भाजलेलं खोबरं, कांदा-लसूण पडतंय आणि खाली घमेल्यात मसाला येतोय. इथं काही बोलू नका. डंकाच्या आवाजात बोललेलं कळतही नाही.

सहावा, सहा सेकंद. भरलेलं पाकीट. लेबल समोर. पडद्यावर लिहिलेलं : कांदा-लसूण मसाला, पाव किलो, किंमत, कांडल्याचा महिना, गटाचं नाव, फोन.

यात "खरेदी करा", "त्वरा करा", "ऑफर" असलं काही नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. तरी ज्याला घ्यायचं आहे त्याला किंमत आणि फोन मिळतो. पहिल्या तुकड्यापासूनच किंमत टाकली तर बघणारा "जाहिरात आहे" म्हणून पुढं सरकतो. मिरची मोडल्याचा आवाज ऐकून तो थांबतो.

दुसरा आणि पाचवा तुकडा मधे न कापता सलग ठेवा. तुकडे फार जोडले की मधे काहीतरी लपवलंय असं वाटतं. मिरची आत जाताना आणि मसाला बाहेर येताना एकाच चौकटीत दिसला, तर हाच मसाला त्याच मिरचीचा, हे सांगावं लागत नाही.

बोलणं नंतर, शांत खोलीत, दाराखिडक्या लावून दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर स्पष्ट येतं. जी ताई रोज निवडायला बसते तिनंच बोलावं, आणि आपल्या घरच्या बोलीत. "मी आपणांस सांगू इच्छिते" असं सुरू केलं की आवाज सरकारी होतो. वरून सिनेमाचं गाणं लावू नका. ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं, धंद्यासाठी वापरलं तर व्हिडिओ बंद पडू शकतो किंवा आवाज काढला जातो. आणि खुडण्याचा, मोडण्याचा, डंकाचा आवाज हाच आपला पुरावा आहे, तो गाण्याखाली दाबू नये.

रंग वाढवू नका

मोबाईलला लाल रंग आवडतो. आपोआप तो जरा जास्त भडक करतो, आणि वर फिल्टर लावला तर मसाला कुंकवासारखा दिसतो. गिऱ्हाईक तो बघून मागवतं. घरी पाकीट उघडतं तर मसाला तपकिरी झाक असलेला लाल, कारण त्यात भाजलेलं खोबरं आणि तळलेला कांदा आहे. माल उत्तम असूनही त्याला फसवल्यासारखं वाटतं. मग पुढच्या वेळी तो "रंग घालता का" असं विचारतही नाही, थेट दुसरीकडून घेतो.

यावर सोपा उपाय आहे. चित्रण करताना मसाल्याशेजारी पांढरी वाटी किंवा स्टीलचं ताट ठेवा. व्हिडिओत वाटी गुलाबी किंवा पिवळी दिसली तर रंग बिघडला असं समजा. जागा बदला, पिवळा बल्ब बंद करा, पुन्हा घ्या. शेवटी पाकीट आणि मोबाईल शेजारी धरून गटातल्या दोघींना विचारा, "सारखं दिसतंय का?" त्या हो म्हणाल्या तरच पुढं पाठवा.

कॅमेऱ्यासाठी वेगळं काही करू नका

चित्रण आहे म्हणून त्या दिवशी नव्या कोऱ्या टोप्या आणि हातमोजे आणले, तर ते बघणाऱ्याला कळतं. टोपीची घडी दिसते, हातमोजे घालून मिरची खुडायची सवय नसल्यानं बोटं अडखळतात. रोज जे वापरतो तेच दिसू दे. रोज डोक्याला फडकं बांधत नसाल, तर आधी महिनाभर ती सवय लावा आणि मग मोबाईल काढा. केस बांधलेले, नखं कापलेली, बांगड्या मागं सारलेल्या, मिरची जमिनीवर नाही तर ताडपत्रीवर किंवा ताटात, एवढं झालं की पुष्कळ झालं.

याचं कारण नुसतं दिसण्याचं नाही. आपलं गिऱ्हाईक वीस-पंचवीस किलोमीटरवर राहतं. रविवारी गाडी काढून ते गावात येऊ शकतं, आणि कधीतरी येतंच. त्यानं मोबाईलवर पाहिलेली जागा आणि समोरची जागा एक निघाली, तर ते गिऱ्हाईक आयुष्यभराचं होतं. वेगळी निघाली तर त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. डंक आपल्या मालकीचा नसेल, गावातल्या गिरणीवर कांडून घेत असू, तर तेच दाखवा. आपलं मसाला घालण्याआधी गिरणीवाला आतला आधीचा मसाला झाडून काढतो, ते दाखवलं तर "दुसऱ्याचं मिसळत नाही ना" या शंकेचा दुसरा व्हिडिओ तयार.

कोणती वाक्यं वापरायची नाहीत

"शंभर टक्के शुद्ध" हे आपल्या तोंडात बसलेलं वाक्य आहे. ते काढून टाका. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं मे २०२५ मध्ये अन्न व्यावसायिकांना लेबलवर आणि जाहिरातीत "शंभर टक्के" असा दावा करू नये, असं सांगितलं आहे. विक्रीसाठी पाठवलेला व्हिडिओ हीसुद्धा जाहिरातच असते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. "पचनाला औषध", "शुगर कमी करतो" असले दावे तर मुळीच करू नका. दाखवलेल्या गोष्टीला असल्या वाक्यांची गरजही नसते. देठांचा ढीग दिसल्यावर "शुद्ध" हा शब्द गिऱ्हाईक स्वतः वापरतं.

पाकीट दाखवताना लेबलवरचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, वजन आणि तारीख स्पष्ट वाचता आली पाहिजे. क्रमांक अजून मिळाला नसेल तर आधी तो घ्या, व्हिडिओ नंतर.

चौकटीत काय येऊ नये

आपण मिरचीकडे बघत असतो, पण मोबाईल मागची भिंतही टिपतो. भिंतीवर लटकलेली ऑर्डरची वही, त्यात गिऱ्हाइकांचे फोन नंबर. कोपऱ्यातलं बँकेचं पासबुक. शाळेतून आलेली पोर आईजवळ बसून दोन देठ खुडते, घरच्यांना ते कौतुकाचं, पण बघणाऱ्याला वाटतं इथं मुलांना कामाला लावतात. म्हणून सुरू करण्याआधी नुसता एक फोटो काढा आणि तो मोठा करून चारही कोपरे तपासा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं. गटातल्या प्रत्येकीला चेहरा दिसलेला चालतो असं नाही. कुणाच्या सासरी आवडत नाही, कुणाला स्वतःलाच नको असतं. प्रत्येकीला वेगळं, एकटीला विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर नाही म्हणायला जड जातं. आपल्या सहा तुकड्यांत एकही चेहरा नाही, फक्त हात आहेत, ते याचसाठी. हातावरून काम करणारी बाई ओळखू येते. आणि नंतर कोणी म्हणाली, "ताई, माझा भाग काढा", तर कारण न विचारता काढायचा.

चाकण-भोसरी भागात काही गट कारखान्यांसाठी हातमोजे, पुसायची कापडं शिवतात किंवा सुटे भाग निवडून-मोजून देतात. त्यांनी जास्त जपावं. कंपनीचा भाग, नकाशा, खोक्यावरचं नाव किंवा नंबर व्हिडिओत आला तर ऑर्डर जाऊ शकते. आधी कंपनीच्या माणसाची लेखी परवानगी घ्या. ती मिळाली नाही तर स्वतःच्या विक्रीचा माल शिवताना चित्रण करा. तिथंही नियम तोच : नाकारलेला नग दाखवा. उसवलेली शिवण बाजूला काढणारा हात बघितला की बाकीच्या नगांवर विश्वास बसतो.

कधी काढायचा, कुणाला पाठवायचा

मसाल्याचं काम मार्च ते मे. विक्री वर्षभर. म्हणून सगळं चित्रण उन्हाळ्यातच करून ठेवा आणि थोडं थोडं वापरा. मात्र सप्टेंबरमध्ये पाठवताना "एप्रिलमध्ये कांडलेला" असं लिहा. नाही तर बघणाऱ्याला वाटेल आत्ताच कांडलाय, आणि पाकिटावरची तारीख वेगळी दिसली की शंका येते.

पहिल्यांदा तो जुन्या गिऱ्हाइकांना पाठवा. त्यांनी चव घेतलेली आहे, त्यांना मसाला कसा होतो ते आता दिसेल. अशा गिऱ्हाइकांपैकी एखाद्या ताईला विचारा, "तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही टाकाल का?" आपण अनोळखी ग्रुपवर टाकला तर तो उपद्रव होतो, तिनं टाकला तर शिफारस होते. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवला तर तो एका दिवसात जातो, हे लक्षात ठेवून ज्या आठवड्यात माल तयार असेल तेव्हाच ठेवा.

किती जणांनी पाहिला यावर जाऊ नका. ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवा : "कुठून कळलं?" नवीन गिऱ्हाइकाला फोनवर विचारा आणि लिहा. जत्रा, ओळख, व्हिडिओ. दोन महिन्यांनी त्या रकान्याची बेरीज करा. तसंच व्हिडिओनंतर येणारे प्रश्न बदलले का ते बघा. आधी "रंग घालता का" येत होतं आणि आता "अर्धा किलो मिळेल का", "कमी तिखट आहे का" असं येत असेल, तर व्हिडिओनं त्याचं काम केलं. अजून रंगाचाच प्रश्न येत असेल, तर चौथा तुकडा नीट दिसत नाही असं समजून तो पुन्हा घ्या.

एक मर्यादाही सांगते. व्हिडिओ पहिलं पाकीट विकायला मदत करतो. दुसरं पाकीट चव विकते. मागच्या खेपेला मीठ जास्त झालं असेल किंवा पाकीट फाटून तेल गळलं असेल, तर कितीही चांगला व्हिडिओ ते झाकत नाही. आणि माल शिल्लक नसताना व्हिडिओ फिरवला तर "संपलाय" हे उत्तर पंधरा जणांना द्यावं लागतं, त्यातले निम्मे परत विचारत नाहीत.

पुढच्या बैठकीपर्यंत

प्रत्येक गटानं तीन कामं करून यावीत. गिऱ्हाइकांनी विचारलेल्या शंका वहीत लिहून त्यातली एक निवडावी. त्या शंकेसाठी आपल्याकडे टाकून देण्याचं काय आहे, ते ठरवावं. लोणच्याच्या गटाकडे मऊ कैऱ्या असतील, शेवयांच्या गटाकडे तुटका चुरा, पापडाच्या गटाकडे फाटलेले पापड. आणि त्या टाकाऊ ढिगाचा एक सलग, दहा सेकंदांचा तुकडा आवाजासह काढून आणावा. बैठकीत आपण ते एकमेकींना दाखवू, आणि ज्या ताईंनी तो माल कधी केलेला नाही त्यांना विचारू, "यातून तुम्हाला काय कळलं?" त्यांनी जे सांगितलं, ते आणि आपली निवडलेली शंका जुळली, की उरलेले पाच तुकडे काढायला बसायचं.